‘नाही’ म्हणायला लागलेला वेळ



२ जुलै २०१९ची संध्याकाळ. आपल्याकडे घड्याळात सात वाजून बारा मिनिटं झाली होती. त्याच सुमारास जगभरातली असंख्य संकेतस्थळं एकाएकी उघडेनाशी झाली. कुणी बातम्या वाचत होतं, कुणी खरेदी करत होतं, कुणी कामाचा हिशोब पाहत होतं. सगळ्यांच्या पडद्यावर एकच आकडा आला : ५०२. म्हणजे मधला संगणक उत्तर देत नाही.

हा मधला संगणक क्लाउडफ्लेअर नावाच्या अमेरिकी कंपनीचा होता. संकेतस्थळ आणि त्याचा वाचक यांच्यामध्ये पहारेकऱ्यासारखं उभं राहायचं आणि येणारी प्रत्येक मागणी तपासून आत सोडायची, हे या कंपनीचं काम. त्या संध्याकाळी तिच्या जगभरातल्या केंद्रांमधले संगणक एकाच वेळी शंभर टक्के कामात बुडाले. परिस्थिती सर्वांत वाईट होती तेव्हा तिच्यामार्फत होणारी वाहतूक ८२ टक्क्यांनी घटली होती. कुणीतरी नव्याच प्रकारचा हल्ला केला असावा, अशी शंका आधी आली. पण हल्ला नव्हता, यंत्रही बिघडलं नव्हतं. पहाऱ्याच्या नियमांमध्ये काही मिनिटांपूर्वी एक नवी ओळ घातली होती. २७ मिनिटांनी तो गोंधळ आवरला. त्या ओळीतला कळीचा तुकडा एवढासा होता :

```
.*.*=.*
```

सात चिन्हं. एवढ्याशा तुकड्याने एवढी यंत्रं कशी दमली, हे आज आपण समजून घेणार आहोत. त्यासाठी संगणकशास्त्र शिकलेलं असण्याची गरज नाही. पट आणि सोंगट्या माहीत असल्या की पुरे.

या तुकड्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. आपण त्याला ‘नमुना’ म्हणू. पिनकोड म्हणजे सहा आकडे, हे आपण माणसाला एका वाक्यात सांगतो. तेच संगणकाला नेमक्या चिन्हांत सांगायचं, की झाला नमुना. मग संगणकापुढे कुठलाही मजकूर ठेवा, तो नमुन्यात बसतो की नाही हे त्याने सांगायचं. आपण ऑनलाइन अर्ज भरतो आणि ‘कृपया योग्य क्रमांक लिहा’ असं लाल अक्षरांत येतं, तेव्हा मागे बहुधा असाच एखादा नमुना बसलेला असतो.

आता एक उदाहरण घेऊ. अर्जात नावाचा रकाना आहे. त्यात इंग्रजी छोट्या लिपीतले शब्द यावेत आणि दोन शब्दांमध्ये एक मोकळी जागा असावी, एवढीच अट आहे. ती तपासायला एखादा प्रोग्रामर असा नमुना लिहील :

```
^([a-z]+ ?)+$
```

बघून घाबरू नका. `^` म्हणजे मजकुराची सुरुवात आणि `$` म्हणजे शेवट. `[a-z]` म्हणजे कुठलंही एक अक्षर. त्यापुढचा `+` म्हणतो, ‘असं एक किंवा अधिक’. मग एक मोकळी जागा आहे आणि तिच्यापुढचं `?` म्हणतं, ‘ही असली तर असू दे, नसली तरी चालेल’. कारण शेवटच्या शब्दानंतर जागा नसते. एवढा सगळा ऐवज कंसात घालून बाहेर आणखी एक `+` आहे, म्हणजे असे शब्द एक किंवा अधिक. अर्थ सरळ आहे आणि नमुना बरोबरही आहे. `rama` लिहा, `rama joshi` लिहा, निमिषात ‘चालेल’ असं उत्तर येतं.

आता कुणाच्या तरी हातून चुकून `rama1` असं लिहिलं गेलं. शेवटी एक आकडा आला. उत्तर ‘चालणार नाही’ असं यायला हवं आणि तसं ते येतंही. पण ते येण्याआधी आत काय घडतं, ते पाहण्यासारखं आहे.

बऱ्याच संगणकभाषांमधली नमुना जुळवणारी यंत्रणा एखाद्या अनोळखी गावात पत्ता शोधणाऱ्या माणसासारखी वागते. दोन वाटा दिसल्या की त्यातली एक धरायची, दुसरी लक्षात ठेवायची. पुढे वाट खुंटली की शेवटच्या नाक्यावर परत यायचं आणि राहिलेली वाट धरायची. याला बॅकट्रॅकिंग म्हणतात, म्हणजे मागे फिरून पुन्हा प्रयत्न करणं.

आपली यंत्रणा `rama1` पाहते. आधी ती जमेल तेवढी अक्षरं एका शब्दात घेते : `rama`. पुढे `1` आहे. तो अक्षर नाही, मोकळी जागा नाही, शेवटही नाही. वाट खुंटली. ती एक पाऊल मागे येते. शब्द `ram` एवढाच असेल आणि `a` हा दुसरा शब्द असेल, असं धरून पाहते. मध्ये मोकळी जागा नाही हे खरं, पण जागा नसली तरी चालेल असं आपणच सांगून ठेवलंय ना! पुन्हा पुढे तोच `1`. पुन्हा मागे. अशा वाटण्या होत राहतात :

```
rama
ram|a
ra|ma
ra|m|a
r|ama
r|am|a
r|a|ma
r|a|m|a
```

चार अक्षरांच्या आठ वाटण्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला तोच `1` उभा. शिवाय मागे फिरताना अध्येमध्ये थांबून ‘इथेच शेवट आहे का?’ असंही ती विचारते. ते धरले तर शेवटाची चौकशी एकूण १५ वेळा होते.

पंधरा म्हणजे काहीच नाही. पण नाव एका अक्षराने वाढलं की हा आकडा जवळजवळ दुप्पट होतो. कारण प्रत्येक दोन अक्षरांमधल्या फटीपाशी दोन पर्याय आहेत : इथे शब्द तोडायचा, किंवा नाही तोडायचा. दहा अक्षरांना १,०२३ चौकश्या. वीस अक्षरांना साडेदहा लाखांच्या आसपास. तीस अक्षरांना १०७ कोटी. समजा, यंत्रणा एका सेकंदात एक कोटी चौकश्या करते. मग वीस अक्षरांना सेकंदाचा दहावा भाग लागेल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. तीस अक्षरांना पावणेदोन मिनिटं. चाळीस अक्षरांना तीस तासांहून अधिक. आणि पन्नास अक्षरांना साडेतीन वर्षं. दुप्पट वेगाचा संगणक आणला, तर तेवढ्याच वेळात फक्त एक अक्षर जास्त तपासून होईल. ही घातांकी वाढ, आणि यंत्राचा वेग वाढवून तिच्यापुढे निभाव लागत नाही.

यातली खोच अशी, की मजकूर नमुन्यात बसत असेल तर हा प्रकार दिसतच नाही. चाळीस अक्षरांचं बिनचूक नाव द्या, पहिल्याच प्रयत्नात सगळी अक्षरं एका शब्दात जातात, शेवट सापडतो आणि काम संपतं. ‘हो’ म्हणायला एक वाट सापडली की पुरते. ‘नाही’ म्हणायला मात्र सगळ्या वाटा तुडवून याव्या लागतात. प्रोग्रामर सहसा चाचणी घेतो ती बरोबर नावांची आणि चार-दोन छोट्या चुकीच्या नावांची. म्हणून असा नमुना वर्षानुवर्षं निमूटपणे चालतो आणि एके दिवशी कुणीतरी लांबलचक चुकीचा मजकूर टाकतं. चुकून टाकला तर अपघात, मुद्दाम टाकला तर हल्ला. असा हल्ला करायला ना मोठी यंत्रसामग्री लागते, ना पासवर्ड फोडावा लागतो. रकान्यात एक ओळ लिहिली की झालं.

मग दुसरा मार्ग आहे का? आहे, आणि तो पटावरच्या खेळासारखा आहे.

आपल्या नमुन्यासाठी एक पट आखू. त्यावर तीनच घरं. पहिलं घर ‘सुरुवात’, अजून काही वाचलेलं नाही. दुसरं घर ‘शब्दात’, नुकतंच एक अक्षर वाचलं आहे. तिसरं घर ‘जागेनंतर’, नुकतीच मोकळी जागा वाचली आहे. ‘सुरुवात’ घरातून अक्षर वाचलं की सोंगटी ‘शब्दात’ जाते. ‘शब्दात’ असताना मोकळी जागा आली की ‘जागेनंतर’, आणि तिथून अक्षर आलं की परत ‘शब्दात’. मजकूर संपला तेव्हा सोंगटी ‘शब्दात’ किंवा ‘जागेनंतर’ या घरात असेल तर उत्तर ‘चालेल’. सोंगटीला हलायला वाटच उरली नाही तर ती पटावरून उठते.

आता गंमत पाहा. सोंगटी ‘शब्दात’ आहे आणि पुढे आणखी एक अक्षर आलं. इथे पूर्वीचाच पेच आहे : हे अक्षर चालू शब्दातलं धरायचं, की नव्या शब्दाचं पहिलं? पहिली यंत्रणा इथे एक पर्याय निवडून पुढे पळत होती. पटावर आपण निवडच करत नाही. दोन्ही शक्यतांसाठी दोन सोंगट्या चालवतो. पण दोघी पोचतात कुठे? त्याच ‘शब्दात’ घरात. आणि इथे या खेळाचा एकमेव नियम लागू होतो : एका घरात दोन सोंगट्या आल्या की एक ठेवायची, दुसरी उचलायची.

असं उचलणं बरोबर कसं? कारण सोंगटीचं पुढे काय होणार, हे ती आत्ता कुठल्या घरात आहे आणि पुढे कोणतं अक्षर येणार, एवढ्यावरच ठरतं. ती `ram` आणि `a` अशी तोडत आली, की `rama` असं सलग वाचत आली, याचा पुढच्या प्रवासाशी काही संबंध नाही. पहिली यंत्रणा या दोन प्रवासांना वेगळं समजत होती, म्हणून एकाच खड्ड्यात ती पुन्हा पुन्हा पडत होती.

`rama1` पटावर चालवून पाहू. `r` वाचलं, सोंगटी ‘शब्दात’. `a`, `m`, `a` वाचली, सोंगटी तिथेच. मग `1` आला. या घरातून आकड्यासाठी वाटच नाही. सोंगटी उठली, पट रिकामा, उत्तर ‘नाही’. पाच चिन्हं, पाच पावलं. चाळीस अक्षरं आणि शेवटी एक आकडा असेल तर एक्केचाळीस पावलं. जिथे तीस तास लागत होते, तिथे डोळ्याचं पातंही लवत नाही. नमुना मोठा असेल तर घरं जास्त असतील, पण एका वेळी पटावर घरांपेक्षा जास्त सोंगट्या असूच शकत नाहीत. म्हणून काम फार तर अक्षरं गुणिले घरांमधल्या वाटा, एवढंच राहतं. मजकूर दुप्पट झाला तर वेळ दुप्पट. याला रेषीय वाढ म्हणतात आणि अशा पटाला ऑटोमॅटन.

ही युक्ती आजकालची असेल असं वाटेल, पण तसं नाही. असे नमुने आणि असे पट एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत, हे स्टीफन क्लीनी या अमेरिकी गणितज्ञाने दाखवलं. त्याचा तो लेख १९५६ साली छापून आला. अनेक सोंगट्यांच्या पटाची कल्पना मायकेल रॅबिन आणि डाना स्कॉट यांनी १९५९ साली मांडली. आणि केन थॉम्प्सन, ज्याने पुढे युनिक्स घडवण्यात मोठा वाटा उचलला, त्याने १९६८ साली या पटावरून मजकूर कसा शोधायचा हे चार पानांत लिहून ठेवलं. तेव्हाचा त्याचा संगणक होता आयबीएम ७०९४.

मग पन्नास वर्षांनंतरही जगातली यंत्रं मागे फिरण्याच्या पद्धतीने का दमतात? याचं एक कारण खरोखर सबळ आहे. मधल्या काळात लोकांना नमुन्यांकडून जास्त हवं होतं. समजा, मुद्रितशोधकाला चुकून दोनदा छापलेला शब्द शोधायचा आहे. त्यासाठी नमुना असा लिहितात :

```
([a-z]+) \1
```

इथे `\1` म्हणजे ‘आधी कंसात जे सापडलं, नेमकं तेच पुन्हा’. आता पटाचा नियम मोडतो. एका सोंगटीने कंसात `rama` धरलंय, दुसरीने `ama`. दोघी एका घरात आल्या तरी त्यांचं पुढचं भवितव्य वेगळं आहे. कुणालाच उचलता येत नाही. कुठून आलो याची आठवण ठेवावी लागते आणि आठवणी किती प्रकारच्या असतील याला धरबंध नाही. मागे फिरणाऱ्या यंत्रणेला ही सोय सहज देता येते, कारण एका वेळी ती एकच वाट चालते आणि त्या वाटेवरचं सगळं तिच्या हाताशी असतं. १९८७ साली आलेल्या पर्ल या भाषेने अशा सोयी लोकप्रिय केल्या. इतरांनी तोच साचा उचलला. पायथन, पीएचपी, जावास्क्रिप्ट यांच्या नेहमीच्या यंत्रणा याच घराण्यातल्या आहेत.

पण यात एक गफलत झाली. ज्या नमुन्यांत ही आठवणीची सोय वापरलेलीच नाही, त्यांनाही त्याच महागड्या रस्त्याने नेलं जाऊ लागलं. आपल्या नावाच्या नमुन्यात `\1` कुठे होता? रस कॉक्स या संगणकतज्ज्ञाने जानेवारी २००७ मध्ये यावर बोट ठेवलं. त्याने एक मुद्दाम अडचणीचा नमुना घेतला आणि २९ अक्षरांच्या मजकुरावर चालवला. तेव्हाच्या पर्लला साठ सेकंदांहून अधिक वेळ लागला. थॉम्प्सनच्या पद्धतीला लागले सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी वीस भाग. २०१०मध्ये गूगलने त्याचीच आरई-टू ही पटावर चालणारी यंत्रणा सर्वांसाठी खुली केली. गो आणि रस्ट या नव्या भाषांच्या मुख्य यंत्रणाही पटाच्याच आहेत. त्यांत `\1` मिळत नाही. ती किंमत मोजून वेळेची हमी घेतलेली आहे.

पटालाही मर्यादा आहेत. ‘हे हजार वेळा’ असं नमुन्यात लिहिलं तर त्यासाठी हजार घरं आखावी लागतात, आणि घरं वाढली की प्रत्येक अक्षरामागचं कामही वाढतं. म्हणून नमुनाच परक्या माणसाकडून घ्यायचा असेल तर त्याच्या आकाराला लगाम हवा. पण नमुना आपला आणि मजकूर परक्याचा असेल, जसा अर्जात असतो, तर मजकूर लिहिणाऱ्याला पटावरची यंत्रणा अडकवून ठेवता येत नाही.

आता पुन्हा २ जुलैकडे येऊ. क्लाउडफ्लेअरच्या तुकड्यात `.` म्हणजे कुठलंही चिन्ह आणि `*` म्हणजे ‘कितीही वेळा, शून्यसुद्धा’. `.*.*=` म्हणजे आधी काहीही, मग पुन्हा काहीही, आणि मग बरोबरचं चिन्ह. काहीही आणि पुन्हा काहीही! मजकुरात बरोबरचं चिन्ह नसेल, तर पहिल्या ‘काहीही’ने किती घ्यायचं आणि दुसऱ्याने किती, याच्या सगळ्या वाटण्या होणार. वीस अक्षरांना २३१, हजार अक्षरांना पाच लाखांहून अधिक. ही वाढ आपल्या नावाच्या नमुन्याइतकी भयंकर नाही. लांबी दुप्पट झाली तर काम चौपट होतं आणि शोधाची सुरुवात प्रत्येक अक्षरापासून करावी लागली तर आठपट. पण सेकंदाला लाखो मागण्या तपासणाऱ्या पहारेकऱ्याला तेवढंही पुरलं. म्हणजे घातांकी नसलेली वाढही यंत्र बसवू शकते.

विशेष म्हणजे, तो नियम अजून कुणाला अडवणारही नव्हता. तो फक्त नोंद घेण्यासाठी, प्रयोग म्हणून लावला होता. पण नोंद घ्यायची तरी तपासावं लागतंच. चाचण्याही झाल्या होत्या. नियम योग्य ते पकडतो का, एवढं त्यांत पाहिलं होतं. तो किती दमवतो, हे मोजण्याची सोय त्यांत नव्हती. आणि एखाद्या नमुन्याने जास्त वेळ खाल्ला तर त्याला आवरणारी जी तरतूद होती, ती काही आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कामात चुकून निघून गेली होती. हे सगळं कंपनीने स्वतःच सविस्तर लिहून जाहीर केलं, आणि वेळेची हमी देणारी यंत्रणा वापरण्याचं ठरवलं.

हे ऐकून कुणी प्रोग्रामर आपली जुनी फाइल उघडणार असेल, तर त्याला काय सांगावं? कंसाच्या आत `+` किंवा `*` आहे आणि कंसाच्या बाहेरही आहे, असं दिसलं की थांबा. एकच मजकूर दोन प्रकारे वाटता येतोय का, ते विचारा. मग जवळजवळ बरोबर असलेला, पण अगदी शेवटी चुकणारा मजकूर द्या आणि वेळ मोजा. लांबी दुप्पट केल्यावर वेळ दुप्पट झाला तर काळजी नाही. चौपट झाला तर लांबीवर मर्यादा घाला. एकेक अक्षर वाढवताना वेळ दुप्पट होत असेल, तर नमुना बदला. आपला नावाचा नमुना असा लिहिता येतो :

```
^[a-z]+( [a-z]+)* ?$
```

अर्थ तोच आहे. फरक एवढाच, की नवा शब्द आता मोकळ्या जागेशिवाय सुरूच होत नाही. `rama` तोडायला एकही फट उरली नाही. मागे फिरणारी जुनी यंत्रणासुद्धा `rama1` पाहून चार वेळा मागे येईल आणि ‘नाही’ म्हणून मोकळी होईल. चाळीस अक्षरांना चाळीस वेळा, बस्स.

पुढच्या वेळी एखादा अर्ज पाठवल्यावर ते चक्र बराच वेळ गरगरत राहिलं, तर दोष आपल्या तारेचा किंवा त्यांच्या यंत्राचा असेलच असं नाही. कदाचित आत कुणीतरी आपल्या नावाचे तुकडे करत बसलं असेल, आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाला तोच चुकीचा आकडा पुन्हा नव्याने सापडत असेल.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)